तो तक्ता आधी बाजूला ठेव

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. तुझ्या आवाजावरूनच कळलं, की ‘कुठला अनुवाद मूळ भावनेला अधिक प्रामाणिक’ या निबंधासाठी तू तक्ता करून बसली आहेस. डावीकडे मूळ कवितेतले शब्द, मधल्या रकान्यात पहिला अनुवाद, उजवीकडे दुसरा, आणि शेवटी बरोबर-चुकीच्या खुणा. होय ना? मला कसं कळलं विचारू नकोस. वीस वर्षांपूर्वी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत असताना मी अगदी हाच तक्ता, हीच कविता घेऊन, तीन रंगांच्या पेनांनी आखला होता. निकालही मोठ्या ऐटीत लावला होता. तो सपशेल चुकला, आणि कसा चुकला तेच आज सांगणार आहे. चहा घेऊन बस.

तुला जर्मन येतं, रशियन येत नाही. म्हणून तू घाबरली आहेस. घाबरू नकोस गं. मूळ कविता हाइनेची, म्हणजे अर्धं घर तुझंच आहे. रशियनचं मी सांगते, अगदी साध्या गद्यात.

आधी कविता समोर घे. हाइनेने ती तरुणपणी लिहिली, 1823 साली ‘लिरिशेस इंटरमेझो’ या गुच्छात ती छापून आली, आणि 1827 च्या ‘बुख देअर लीडर’मध्ये हा गुच्छ घेतला गेला. अवघ्या आठ ओळी, दोन कडवी. पहिल्या कडव्यात उत्तरेकडच्या उघड्याबोडक्या उंचीवर एक सूचिपर्णी झाड एकटं उभं आहे, त्याला पेंग येते आहे, आणि बर्फाने त्याला पांढऱ्या पांघरुणात गुंडाळलंय. दुसऱ्या कडव्यात ते झाड स्वप्न पाहतंय. दूर पूर्वेला, तापलेल्या कड्यावर, एक ताडाच्या जातीचं झाड एकटं, मुकं, झुरत उभं आहे. बस, एवढंच. प्रेम हा शब्द नाही, विरह नाही, प्रियकर-प्रेयसी नाही.

आणि तरीही जर्मन वाचक ही प्रेमकविता म्हणूनच वाचतो. का? इथेच माझा तक्ता उताणा पडला.

आता जरा हळू वाच. उत्तरेतलं झाड जर्मनमध्ये ‘देअर फिख्टेनबाउम’, म्हणजे तो. पूर्वेकडचं ‘दी पाल्मं’, म्हणजे ती. तू म्हणशील, ताई, जर्मनमध्ये टेबलसुद्धा ‘तो’ असतो, म्हणून टेबल काही पुरुष होत नाही. अगदी बरोबर, ही शंका तुला यायलाच हवी. पण त्या झाडाला जर्मनमध्ये नुसतं ‘फिख्टं’ म्हणायची सोय आहे, आणि ‘फिख्टं’ स्त्रीलिंगी आहे. हाइनेने ते घेतलं नाही. मागे ‘बाउम’, म्हणजे झाड, जोडून त्याने शब्द पुल्लिंगी करून घेतला. पलीकडच्या झाडालाही ‘पाल्मबाउम’ म्हणता आलं असतं, तोही पुल्लिंगी. तिथे मात्र त्याने ‘बाउम’ जोडला नाही. एकाला शेपूट लावलं, दुसरीला लावलं नाही. छंदासाठी एखादं अक्षर हवं होतं असं एका ठिकाणी म्हणता येईल, पण दोन ठिकाणी दोन उलट दिशांनी केलेली निवड छंदाच्या माथी कशी मारणार? अख्ख्या कवितेतलं प्रेम या दोन शब्दांच्या लिंगावर तोलून धरलंय. दुसरीकडे कुठेही नाही.

लिंग कुठे मोजायचं आणि कुठे सोडून द्यायचं, याचा अंदाज असाच येतो बघ. कवीच्या हाताशी दुसरा शब्द होता का, आणि तो त्याने टाळला का, एवढं शोधायचं. दुसरा शब्दच नसेल तर लिंग ही भाषेची सवय, तिच्यावर अर्थ लादू नकोस.

आता दोन अनुवाद. दोन्ही रशियन, दोन्ही थोर कवींचे, म्हणून कुणाला पाडायला निघालोय असं समजू नकोस.

पहिला त्युत्चेवचा. हा तेव्हा म्युनिकमध्ये रशियन वकिलातीत नोकरीला होता, बायको जर्मन, जर्मन भाषा रोजच्या कानावरची. त्याचा अनुवाद 1827 मध्ये एका वार्षिकात छापून आला. हाइनेची आणि त्याची ओळख व्हायची होती, ती पुढच्या वर्षी झाली. दुसरा लेर्मोंतोवचा, 1841 सालचा. त्याच वर्षी जुलैमध्ये प्यातिगोर्स्कजवळ द्वंद्वयुद्धात तो गेला, सव्वीस वर्षांचा पोरगा. रशियात शाळकरी मुलांना पाठ असतो तो हा दुसरा.

माझ्या तक्त्यात लेर्मोंतोव जिंकला होता. आणि खरं सांगू का, तक्त्याने जिंकायलाच हवा तो. उघडं शिखर? आहे. एकटेपण? पहिल्याच ओळीत आहे. बर्फ? आहे. तापलेला कडा? आहे. ताडाच्या जातीची ती दुःखी आहे? आहे. वर यमकांची जागाही त्याने हाइनेसारखीच ठेवली; प्रत्येक कडव्यात दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळतं, पहिली-तिसरी मोकळी. त्युत्चेवने मात्र एकाआड एक सगळ्या ओळी जुळवल्या, कवितेला स्वतःचं नाव दिलं (परक्या मुलखातून, अशा अर्थाचं), झाडाला गोड झोप लावली, हिमवादळाला त्याची झोप जोजवायला लावलं, आणि दुःखाने झुरणाऱ्या तिला तरुण करून फुलवलं! फुलवलं गं, झुरायच्या जागी! मी तीनही रंगांनी फुल्या मारल्या आणि खाली ठासून लिहिलं, ‘लेर्मोंतोव अधिक प्रामाणिक.’

आमच्या बाईंनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, “यातलं झाड बाई आहे की बाप्या?” मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

कारण लेर्मोंतोवने उत्तरेतल्या झाडासाठी घेतलेला शब्द आहे ‘सस्ना’, म्हणजे पाइनच्या जातीचं झाड, आणि तो रशियनमध्ये स्त्रीलिंगी. तिकडची ‘पाल्मा’ स्त्रीलिंगीच. झालं! एक ती दुसऱ्या तीचं स्वप्न बघतेय. आणि हे कुठे दडून राहत नाही. पांघरलेली, ती, तिला असे शब्द त्या आठ ओळींत लिंग सांगत राहतात. ज्या एका खुंटीवर हाइनेने सगळं प्रेम अडकवलं होतं, तीच खुंटी निघून आली. त्युत्चेवने ‘केदर’ घेतला, म्हणजे सीडर, पुल्लिंगी. झाडाची जात बदलली, पण तो तोच राहिला. पुढे फेत नावाच्या कवीनेही हीच कविता केली आणि त्याने तर सरळ ओक घेतला, तोही पुल्लिंगी. यावरून काय ते ओळख. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिघेही चुकलेत, कारण हाइनेचं झाड म्हणजे स्प्रूस, आणि त्याला रशियनमध्ये जो शब्द आहे तोही नेमका स्त्रीलिंगी. त्युत्चेव आणि फेतने झाड सोडलं, नातं धरलं. लेर्मोंतोवने झाडाच्या जवळपास जाणारा शब्द धरला आणि नातं सुटलं.

हा शोध माझा नाही बरं का, आणि बाईंचाही नाही. लेव श्चेर्बा नावाच्या रशियन भाषाशास्त्रज्ञाने 1936 मध्ये लेर्मोंतोवची ही कविता आणि जर्मन मूळ शेजारी ठेवून असा एकेक शब्द उसवून दाखवला होता. तुझ्या निबंधात त्याचं नाव आलं पाहिजे. ‘मला असं वाटतं’ म्हणून त्याचं म्हणणं स्वतःच्या नावावर खपवू नकोस. मी एकदा खपवलं होतं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने ते भर वर्गात ओळखलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

पांघरुणाचं मात्र मला श्चेर्बा न वाचताही खटकलं असतं, कारण ते आपल्या घरातलं प्रकरण आहे. हाइनेचं झाड बर्फाच्या ‘डेकं’त गुंडाळलंय. डेकं म्हणजे काय, तुझ्या पलंगावर असते तीच, दुलई. साधी, घरगुती वस्तू, आणि तीच बर्फाची! ऊब द्यायची ती गारठवते. पेंग येणाऱ्या माणसावर कुणीतरी माया करून ओलं पांघरूण घालावं, तसं काहीसं वाटतं ना? हाइनेचा तिरकसपणा असा हळूच येतो. लेर्मोंतोवकडे हे पांघरूण ‘रीझा’ होतं, म्हणजे पाद्र्याचा भरजरी झगा. झाड एकदम देवघरात जाऊन उभं राहतं, देखणं, गंभीर. शिवाय ते डुलतंय, बर्फही भुरभुरता आहे. सगळं परीकथेसारखं मऊ झालंय. त्युत्चेवने तर पांघरूणच काढून टाकलं आणि वादळाकडून अंगाई म्हणवून घेतली. या जागी दोघेही हरले, असं निःशंक लिही. कुणी ना कुणी जिंकलंच पाहिजे असा काही नियम नाही.

आता ती एक जागा सांगते, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. हाइनेच्या कवितेत ‘आइनझाम’, एकाकी, हा शब्द दोनदा आहे. एकदा पहिल्या ओळीत त्याच्यासाठी, एकदा सातव्या ओळीत तिच्यासाठी. आठ ओळींच्या कवितेत एक शब्द दोनदा वापरणं म्हणजे काटकसरी बाईने एकाच भाजीत दोनदा फोडणी घालणं. उगाच कुणी करत नाही. ते दोघं कधी भेटणार नाहीत, एकमेकांना माहीतही नसतील, पण शब्द दोघांना एकच मिळालाय. त्या दोघांमध्ये धागा आहे तो हा. लेर्मोंतोवकडे पहिल्या जागी एकटेपणाने उभं राहणं आहे आणि दुसऱ्या जागी नुसतं ‘एकटी’. मूळ धातू जवळचा, पण शब्द तोच नाही, आणि आवाजही वेगळा. त्युत्चेवकडे मात्र तेच विशेषण दोन्हीकडे आहे, पहिल्यांदा पुल्लिंगी रूपात, दुसऱ्यांदा स्त्रीलिंगी रूपात, आणि दुसरं तर कवितेचा अगदी शेवटचा शब्द. एकाकी तो, एकाकी ती. जर्मनमध्ये आइनझामचं रूप त्या जागी बदलत नाही, म्हणजे हाइनेला जे करता आलं नाही ते त्युत्चेवला त्याच्या भाषेने करू दिलं. आता सांग, ज्याने झुरण्याच्या जागी फुलणं आणलं त्याला मी फुली मारली, पण ही शिवण ज्याने धरली त्याला गुण कोण देणार? तक्त्यात शिवणीला रकानाच नव्हता.

म्हणून माझा निकाल ऐक. भावनेला अधिक प्रामाणिक त्युत्चेव. गोड झोप, अंगाई, फुललेली तरुण ताडबाई, हे सगळं त्याच्या नावावर खर्ची टाकूनही. त्याच्या हातून दुःखाची धार बोथट झाली, हे खोटं नाही, आणि हे लपवलंस तर तुझा निबंध वकिली होईल. पण कोण कुणासाठी जागा आहे, हे त्याच्याकडे शाबूत आहे. लेर्मोंतोवकडे दुःखाची धार आहे, पण ते दुःख दुसऱ्याच गोष्टीचं आहे. तिथे जोडीदाराची ओढ नाही. जगात कुठेतरी आपल्यासारखंच आणखी कुणी एकटं आहे, एवढीच जाणीव आहे. ही भावना खोटी नाही, उथळ तर मुळीच नाही. काही जाणकार म्हणतात, स्त्री-पुरुष हा भेद गेल्यामुळे कविता उलट मोठी झाली, कुणाही एकट्या जिवाची झाली. मला पटतं. पण मग ती हाइनेची राहिली नाही, लेर्मोंतोवची झाली. कविता म्हणून कुठली चांगली, असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तर मी लेर्मोंतोव म्हणेन. तुला विचारलेला प्रश्न मात्र तो नाही. ‘चांगली’ आणि ‘प्रामाणिक’ ही दोन वेगळी भांडी आहेत. तू दोन्हींतला रस्सा एकत्र ओतून चव बघते आहेस, म्हणून तुला काल रडू येत होतं.

आणि हो, तुझ्या सरांनी शेवटी तुमचा स्वतःचा मराठी गद्यानुवाद मागितलाय ना? तू मला वाचून दाखवलास त्यात ‘एक झाड उभं आहे’ असं होतं. अगं बाई, झाड नपुंसकलिंगी! एका ‘ते’ला दुसऱ्या ‘ते’चं स्वप्न पडलं. लेर्मोंतोवच्याही एक पाऊल पुढे गेलीस तू. मराठीत ही चूक जास्त ओरडते, कारण आपल्याकडे लिंग विशेषणाला तर चिकटतंच, क्रियापदालाही चिकटतं: उभा, उभी, उभं, झुरतो, झुरते, झुरतं. हाइनेचं लिंग एखाद्या ‘इन’ किंवा ‘एर’मध्ये हळूच बसलेलं असतं, आपलं मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी घंटा वाजवतं. तेव्हा सांभाळून.

उत्तरेसाठी ‘देवदार’ घे. तो आहे, थंडीतला आहे, बर्फातला आहे, आणि आपल्या वाचकाला हिमालयामुळे ओळखीचा आहे. खरी अडचण दुसरीकडे आहे. ताड तो, माड तो, खजूरही तो. आपल्या ताडामाडांत बायका फार कमी बघ! पोफळ आहे, ती खरी, पण ती कोकणातल्या सावलीतली, पाण्याच्या पाटाजवळची. तापलेल्या कड्यावर उभी केलीस तर आगरातली माणसं तुला हसतील. मग मी ‘शिंदी’ घेतली होती. खजुराच्याच कुळातली, स्त्रीलिंगी, उन्हातान्हात, माळावर टिकणारी. सगळं जुळलं म्हणून मी खूश! वर्गात वाचलं, ‘दूर पूर्वेला एक शिंदी एकटी झुरते आहे’, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “कुठल्या दुकानात?” झाडाचं आणि त्यापासून काढतात त्या दारूचं नाव एकच, हे मी विसरलेच होते. पुढचा अर्धा तास हाइनेबद्दल कुणी काही बोललं नाही.

त्यावर मी काय केलं, तर आणखी मोठा घोळ. ‘खजुराची सखी’ असं लिहिलं. सखी म्हटल्यावर ती ती झाली खरी, पण हाइनेने जे आठ ओळींत एकदाही उच्चारलं नव्हतं ते मी ठळक अक्षरांत लिहून टाकलं. ही चूक ‘झाड’पेक्षा वाईट आहे. ‘झाड’ लिहून तू भावना गमावलीस, ‘सखी’ लिहून मी तिचा गळा धरला.

मग उपाय काय? मला आज सुचतो तो असा. झाडाचं नाव एकदाच, जिथे टाळता येत नाही तिथे घे, आणि विशेषणाने काम करून घे. शिंदीच वापर, पण ‘माळावरची शिंदी’ म्हण, म्हणजे दुकान आठवणार नाही. आणि तिथे त्युत्चेवची शिवण उचल. रशियनसारखं आपल्यालाही ते फुकट मिळालंय: देवदार एकटा, शिंदी एकटी. पहिल्या वाक्यात एकटा, शेवटच्या वाक्यात एकटी. ‘एकाकी’ लिहू नकोस, ते दोन्हीकडे सारखंच राहतं आणि फुकट मिळालेलं हातातून जातं. पेंग येण्याचं तर आपलं भाग्यच बघ. हाइनेच्या जर्मनमध्ये झोप त्याला येते, तो ती काढत नाही, आणि आपणही ‘त्याला पेंग येते’ असंच म्हणतो. दुलई दुलईच ठेव, शाल करू नकोस. शाल म्हटलं की सत्कार आठवतो.

निबंधाची मांडणी कशी करायची म्हणून विचारत होतीस. पाच पानांची हद्द आहे ना? मग अर्ध्या पानात कवितेत काय घडतं ते सांग, त्याहून जास्त नको. दीड पान तो आणि ती या प्रश्नाला दे, फिख्टेनबाउमच्या शेपटासकट. पान-दीड पान ‘आइनझाम’च्या दोन जागांना. पांघरुणाला अर्धं. यमकं एका परिच्छेदात उरकून टाक, आणि तिथे लेर्मोंतोवला त्याचे गुण मोकळ्या मनाने दे. तारखा, द्वंद्वयुद्ध, म्युनिकची नोकरी, हे सगळं दोन वाक्यांत. मला माहितीये, तुला द्वंद्वयुद्धावर एक पान लिहावंसं वाटतंय. मलाही वाटलं होतं.

शनिवारी दुपारी ये, मी घरीच आहे. मी रशियन मोठ्याने वाचून दाखवते, तू जर्मन वाच. शेवटचा शब्द कुठे पडतो ते कानाने ऐकायला हवं. पण त्याआधी, आत्ता, वही उघड आणि ते ‘झाड’ खोडून तिथे ‘देवदार’ लिही.